दोघांनी बोलून ठरवा : आठवीच्या मराठीची तोंडी परीक्षा कशी रचावी

मालवण तालुक्यातल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथली बरीच मुलं घरी मालवणी बोलतात. वर्गात प्रमाण मराठी वाचतात, लिहितात आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी घाबरून पाठ केलेलं भाषण म्हणतात. अनेक वर्षं मीही तशीच परीक्षा घेत होते. ‘माझा आवडता सण’ हा विषय, तीन मिनिटं वेळ आणि दहापैकी गुण. एकदा एका मुलाला मध्येच थांबवून विचारलं, “चतुर्थीला तुमच्याकडे कोण कोण येतं?” तो गप्प झाला आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून भाषण सुरू केलं. मी इतका वेळ त्याचं पाठांतर तपासत होते आणि त्याला भाषणकौशल्य म्हणत होते.

त्यानंतर मी जी परीक्षा बसवली तिची पूर्ण कृती इथे देते. वर्ग आठवी, मुलं ३६, परीक्षा जोडीने, एकूण गुण २०.

काय तपासायचं ते एका वाक्यात लिहा

कामाची सुरुवात प्रश्न काढण्यापासून करू नका. आधी एक वाक्य लिहा. माझं वाक्य असं होतं : ‘विद्यार्थी दुसऱ्याशी बोलून, माहिती देऊन-घेऊन एखादा निर्णय घेऊ शकतो आणि तो निर्णय मोठ्या माणसाला कारणांसह, योग्य भाषेत सांगू शकतो.’

या वाक्यात दोन प्रसंग आहेत. पहिला बरोबरीच्या मुलाशी बोलण्याचा आणि दुसरा मोठ्या माणसासमोर बोलण्याचा. आमच्याकडे हा फरक फार महत्त्वाचा आहे. दोन मुलं आपसात बोलताना “वारो इलो तर?” म्हणत असतील, तर ती चूक नाही. तिथे तीच भाषा योग्य आहे. तेच मूल मुख्याध्यापकांसमोर उभं राहिलं की प्रमाण मराठीची अपेक्षा ठेवता येते, कारण तिथे प्रसंगच ती भाषा मागतो. म्हणून माझा नियम असा : ज्या भाषेला गुण द्यायचे, ती वापरण्याचं कारण कृतीतच असलं पाहिजे. नुसतं ‘शुद्ध बोला’ सांगून मित्राशी बोलायला लावलं, तर मूल अवघडतं आणि आपण त्याचा अवघडलेपणा मोजत बसतो.

कृती : दोन कार्डं, अर्धी-अर्धी माहिती

दोन मुलांना समोरासमोर बसवून ‘सहलीविषयी बोला’ म्हटलं, तर दोघं आळीपाळीने दोन छोटी भाषणं करतात. त्यांना एकमेकांची गरजच नसते. ती गरज निर्माण करण्यासाठी माहिती दोन कार्डांत विभागायची आणि आपलं कार्ड दुसऱ्याला दाखवायचं नाही. माझ्या कार्डांना ‘भरती’ आणि ‘ओहोटी’ अशी नावं आहेत, म्हणजे कुणाला पहिला-दुसरा क्रमांक मिळाल्यासारखं वाटत नाही.

प्रसंग दोघांना सारखाच : वर्गातल्या ३६ मुलांची एक दिवसाची सहल ठरवायची आहे. सिंधुदुर्ग किल्ला, विजयदुर्ग किल्ला आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, या तिन्हींतून एक जागा निवडायची. कार्डांवरचे दर आणि अटी मी कृतीसाठी बसवल्या आहेत, त्या खऱ्या नाहीत.

‘भरती’ कार्ड :
- प्रत्येकी खर्च २५० रुपयांच्या वर नको.
- सिंधुदुर्ग : २३० रुपये (बस आणि होडी).
- विजयदुर्ग : २६० रुपये.
- वेंगुर्ले : १५० रुपये.

‘ओहोटी’ कार्ड :
- संध्याकाळी साडेपाचच्या आत शाळेत परत यायचं.
- सिंधुदुर्ग : वारा वाढला तर होडी बंद राहते.
- विजयदुर्ग : जाऊन-येऊन प्रवास ५ तास.
- वेंगुर्ले : एका वेळी २५ जणांनाच आत सोडतात.

प्रत्येक जागेत काहीतरी अडचण आहे आणि ती एकाच कार्डावर पूर्ण दिसत नाही. ‘भरती’वाल्याला सिंधुदुर्ग स्वस्त वाटतो, पण होडीची अट त्याला माहीत नसते. ‘ओहोटी’वाल्याला खर्च ठाऊक नसतो. कुठलंही उत्तर पूर्ण बरोबर नाही, पण बोलून वाट काढता येते. माझ्या पहिल्या मसुद्यात एक जागा सगळ्याच बाजूंनी चांगली होती. नववीच्या दोन जोड्यांवर करून पाहिलं तर ४० सेकंदांत निर्णय झाला आणि उरलेला वेळ मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसली. म्हणून दुसऱ्या वर्गातल्या दोन जोड्यांवर कार्डं आधी वापरून पाहाच. चार मिनिटांची कृती अडीच मिनिटांच्या आत संपत असेल, तर अडचणी पुरेशा नाहीत. चार मिनिटांत निम्म्याहून जास्त वेळ मुलं कार्ड वाचत असतील, तर मजकूर जास्त आहे. चार ओळी पुरतात. त्याही परीक्षकाने ज्याच्या-त्याच्या कानाशी एकदा वाचून दाखवाव्यात, नाहीतर वाचनात मागे असलेलं मूल बोलण्याच्या परीक्षेत मार खातं.

आणखी एक ठेच सांगते. एका वर्षी मासेमारीचा विषय घेतला होता. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात घरखर्च कसा भागवायचा, हा प्रसंग. किनाऱ्यावरच्या वाडीतली मुलं भरभरून बोलली. सड्यावरून, म्हणजे किनाऱ्यापासून दूर वरच्या कातळ-पठारावरून, येणारी मुलं मुकाट बसली, कारण जाळी, होडी, डिझेल यांचा हिशेब त्यांच्या घरात कधी निघतच नाही. मी मोजलं ते त्यांचं समुद्राचं ज्ञान. तेव्हापासून बोलायला लागणारी प्रत्येक गोष्ट कार्डावर असते.

अशा कार्डांचे तीन संच करा. पहिल्या दिवशी आटपलेली मुलं मधल्या सुट्टीत सगळं सांगणारच. संच बदलताना सांगाडा तोच ठेवायचा : तीन पर्याय, प्रत्येकात एक-दोन अडचणी, कुठेतरी एक निसटती वाट. माझा दुसरा संच गावच्या जत्रेत वर्गाने कोणता स्टॉल लावावा यावर आहे आणि तिसरा ५,००० रुपयांत वाचनालयासाठी काय घ्यावं यावर.

वेळेची मांडणी

एका जोडीला १० मिनिटं लागतात. पहिलं मिनिट नाव, गाव, शाळेत कसं येता अशा गप्पांचं. त्याला गुण नाहीत, फक्त आवाज मोकळा होतो. दुसरं मिनिट कार्ड समजून घेण्याचं. मग चार मिनिटं आपसातली चर्चा. त्यानंतर प्रत्येकी एक मिनिट, ज्यात परीक्षक मुख्याध्यापक होतो, मूल उभं राहून निर्णय सांगतं आणि एका प्रश्नाला उत्तर देतं. शेवटची दोन मिनिटं गुण नोंदवायला. १८ जोड्यांना १८० मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या सहा तासिका धरा. एका तासिकेत तीनच जोड्या होतात. चौथी बसवायला गेलात तर गुण घाईत पडतात.

जोड्या शक्यतो एका बाकावरच्या ठेवा, ओळखीच्या माणसाशी मूल मोकळं बोलतं. फक्त सतत बोलणारं आणि अगदी अबोल असं मूल एकत्र आलं असेल तर बदला. वर्गात विषम संख्या असेल तर त्रिकूट करू नका. आधी परीक्षा झालेल्या एका मुलाला दुसऱ्या संचावर पुन्हा बसवा आणि त्याचे पहिलेच गुण धरा.

गुणांचे निकष

चार निकष, प्रत्येकी ५ गुण. सातआठ निकष करून पाहिले, पण चार मिनिटांचं बोलणं ऐकताना माणसाचं लक्ष इतक्या ठिकाणी राहत नाही. शेवटी सगळ्या रकान्यांत एकच आकडा पडतो.

पहिला निकष *म्हणणं पोचवणं*. ५ गुण : कार्डावरची माहिती योग्य वेळी दिली, मताला कारण दिलं आणि निर्णय सांगताना त्याची अडचणही सांगितली. ३ गुण : माहिती दिली, कारण एखादंच आणि तेही विचारल्यावर. १ गुण : कार्डावरच्या ओळी तशाच वाचल्या.

दुसरा निकष *संवाद राखणं* आणि माझ्या मते परीक्षेचा जीव इथे आहे. ५ गुण : समोरच्याला प्रश्न विचारले, त्याच्या बोलण्याला धरून पुढे बोललं, अडलं तिथे नवी वाट सुचवली. ३ गुण : विचारलं तर उत्तर दिलं, पण बोलणं पुढे नेण्याचं काम समोरच्यावर सोडलं. १ गुण : समोरच्याच्या बोलण्याशी संबंध नसलेलं आपलंच म्हणत राहिलं किंवा हो-नाहीपलीकडे गेलं नाही. ‘खूप बोललं’ म्हणजे ५ नव्हे. समोरच्याला बोलूच न देणाऱ्याला इथे ३ च्या वर जाता येत नाही.

तिसरा निकष *ओघ आणि स्पष्टता*. ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं का, एवढंच पाहायचं. विचार करताना घेतलेला थांबा चालतो, वाक्य मध्येच टाकून देण्याची सवय चालत नाही. मालवणी हेल आणि ‘ण’च्या जागी ‘न’ यांना इथे गुण कापायचे नाहीत.

चौथा निकष *शब्द आणि वाक्यरचना* आणि हा फक्त मुख्याध्यापकांसमोरच्या एका मिनिटावरच द्यायचा. ५ गुण : प्रमाण मराठीत पूर्ण वाक्यं, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ असे जोड नेमके, मोठ्यांशी बोलण्याची रीत सांभाळलेली. ३ गुण : वाक्यं सुटी-सुटी, अधूनमधून बोलीतली रूपं, अर्थ स्पष्ट. १ गुण : एकेक शब्द, वाक्यच नाही.

४ आणि २ यांची वर्णनं मी लिहीत नाही. ५ च्या वर्णनातलं काही आहे, काही नाही, तर ४. ३ आणि १ यांच्या मध्ये २. मूल बोललंच नाही तरच शून्य. आणि एक चूक एकाच रकान्यात मोजायची. बोलीतल्या रूपाबद्दल चौथ्यात गुण गेले, तर त्याच कारणाने पहिल्यात किंवा तिसऱ्यात पुन्हा कापायचे नाहीत.

परीक्षकासाठी सूचना

ही पानं दुसऱ्या शिक्षकाच्या हातात दिली की त्याने माझ्यासारखीच परीक्षा घ्यावी, एवढ्या तपशिलाने लिहा. बोलायची वाक्यं शब्दशः लिहिलेली हवीत. एकाने “जरा मोकळेपणाने बोला हं, घाबरू नका” म्हटलं आणि दुसऱ्याने “सुरू करा” म्हटलं, तर परीक्षा वेगळ्या झाल्या.

चर्चेआधीचं वाक्य : “तुमच्याकडे चार मिनिटं आहेत. कार्ड एकमेकांना दाखवायचं नाही. बोलून एक जागा ठरवा. तुम्ही जसं एरवी बोलता तसं बोला.” शेवटचं वाक्य गाळू नका. पहिल्या वर्षी ते नव्हतं आणि मुलं मित्राशी व्यासपीठावरून बोलल्यासारखी बोलत होती. निर्णयाआधीचं वाक्य : “आता मी मुख्याध्यापक आहे. तुमचा निर्णय मला सांगा आणि तो का घेतला तेही सांगा. मुख्याध्यापकांशी बोलतो तसं बोला.”

मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतील आणि परीक्षक बाजूला बसेल. परीक्षक समोर बसला की मुलं एकमेकांशी बोलणं सोडून त्याच्याकडेच बघत बोलतात. चर्चा चालू असताना परीक्षकाने नजर कागदावर ठेवावी. “छान”, “बरोबर” म्हणू नये, मानही हलवू नये, कारण मान हलली की मुलांना वाटतं निर्णय झाला.

शांतता पसरली तर मनात दहा आकडे मोजा. आपल्याला दहा सेकंद फार लांब वाटतात, पण मूल तेव्हा विचार करत असतं. त्यानंतरही कुणी बोललं नाही, तर फक्त एवढंच म्हणायचं : “तिसऱ्या जागेबद्दल तुमच्याकडे काय लिहिलंय?” ही मदत एकदाच. दुसऱ्यांदा करावी लागली, तर दोघांनाही संवादाच्या निकषात ३ च्या वर गुण नाहीत. दोन मिनिटं झाली आणि एकच मूल बोलतंय असं दिसलं, तर दुसऱ्याचं नाव घेऊन “आता तू सांग” म्हणा आणि कागदावर खूण करा.

मुख्याध्यापक म्हणून विचारायचा प्रश्नही ठरलेला असतो, प्रत्येक जागेसाठी एक. सिंधुदुर्ग निवडला तर “होडी बंद झाली तर काय करणार?” विजयदुर्ग निवडला तर “वरचे दहा रुपये कुठून आणणार?” वेंगुर्ले निवडलं तर “बाहेर थांबलेल्या मुलांजवळ कोण राहील?” या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येता येत नाही, म्हणून तोच सगळ्यांत जास्त सांगून जातो.

दोन शिक्षक मिळाले तर एकाने बोलावं, दुसऱ्याने फक्त ऐकून गुण द्यावेत. आमच्याकडे दुसरं माणूस रोज मिळत नाही, म्हणून पालकांची लेखी संमती घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवते. पत्र्याखालच्या खोलीत पावसाची सर आली की नोंदीत काही उरत नाही. खोली निवडताना आधी छप्पर बघा.

एक जोडी, प्रत्यक्षात

गुण कसे पडतात ते एका जोडीवरून दाखवते. चर्चेचा मधला भाग असा होता :

भरती : किल्ल्यावर जाऊया ना. दोनशे तीसच होतात.
ओहोटी : होय, पण वारो इलो तर होडी बंद रवतली. मग तिथून परत यायचं?
भरती : मग विजयदुर्ग?
ओहोटी : किती पडतात?
भरती : दोनशे साठ. दहा जास्त.
ओहोटी : छत्तीस जणांचे तीनशे साठ. ते कोण देतलो? आणि पाच तास गाडीतच जातले.
भरती : वेंगुर्ल्याला दीडशे.
ओहोटी : पण एका वेळी पंचवीसच जण आत.
भरती : (थोडं थांबून) अठरा-अठरा करूया? अर्धे आत, अर्धे समुद्रावर.

मग दोघं उभी राहिली. ओहोटीवाला म्हणाला, “सर, आम्ही वेंगुर्ल्याचं केंद्र निवडलं, कारण दीडशेच खर्च आहे. पण पंचवीसच जण सोडतात म्हणून दोन गट करायचे.” बाहेर कोण राहील, यावर तो थांबला आणि म्हणाला, “एक सर… म्हणजे दोन सर लागतील. एक आत, एक बाहेर.” भरतीवाली म्हणाली, “सर, आमचा वेंगुर्ल्याक जावचा ठरला. थंय दीडशेच रुपये पडतत.” बाहेरच्या मुलांबद्दल विचारल्यावर तिने “मॅडम रवतीत” एवढंच सांगितलं.

माझे गुण. ओहोटीवाला : म्हणणं ५, संवाद ५, ओघ ४, भाषा ४, एकूण १८. भरतीवाली : म्हणणं ३, कारण तिने माहिती दिली पण कारणं फार दिली नाहीत. संवाद ४, कारण प्रश्न कमी विचारले, पण अडलेली गाडी तिनेच सोडवली. ओघ ४. भाषा २, कारण जिथे प्रमाण मराठी हवी होती तिथे ती बोलीतच राहिली आणि वाक्यंही दोनच. एकूण १३.

सहकाऱ्याने हीच नोंद ऐकून तिला संवादात २ दिले होते. का, असं विचारलं तर म्हणाले, “अहो बाई, ती मालवणीतच बोलली की.” चर्चा पुन्हा ऐकली. त्या चार मिनिटांत बोलीचे शब्द जास्त ओहोटीवाल्याच्या तोंडी होते आणि त्याला त्यांनी ५ दिले होते. तिच्या शेवटच्या दोन वाक्यांची छाया आधीच्या चार मिनिटांवर पडली होती. दुसऱ्या शिक्षकाबरोबर बसून ऐकल्याशिवाय ही चूक दिसत नाही. एकटीच असते तर कदाचित मीही केली असती.

म्हणून परीक्षेआधी दोघांनी मिळून तीन नोंदी ऐका, वेगवेगळे गुण द्या आणि मग ताडून पाहा. एका निकषात एकापेक्षा जास्त गुणांचा फरक आला, तर निकषातलं नेमकं कोणतं वाक्य कुणी कसं वाचलं ते बोला आणि गरज असेल तर वाक्य बदला. प्रत्यक्ष परीक्षेत २० पैकी ३ हून जास्त फरक पडला, तर तिसऱ्याने ऐकावं. शेवटच्या जोडीनंतर पहिल्या जोडीची नोंद पुन्हा ऐका. माझा हात दिवस सरता सरता सैल होतो, कुणाचा घट्ट होतो. पहिल्या जोडीला आता वेगळे गुण द्यावेसे वाटले, तर मधल्याही दोन-तीन तपासा.

गुण दिल्यावर

शाळेला ५ पैकी गुण हवे असतील तर २० ला चारने भागा, पण चारही रकाने वहीत वेगळे ठेवा. १३ चे सव्वातीन झाले की त्या मुलीचं काय चांगलं होतं ते पुसलं जातं. या परीक्षेतून मूल गोष्ट रंगवून सांगू शकतं का किंवा सभेत बोलू शकतं का, ते कळत नाही. त्यासाठी वेगळी कृती लागते. वर्षातून एकदाच घेतली तर त्या दिवशीच्या घशाचा आणि जोडीदाराचा भाग त्यात येतो, म्हणून मी दोन्ही सत्रांत घेते आणि दुसऱ्या वेळी जोडी बदलते.

प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी मिळते, त्यावर दोनच ओळी. भरतीवालीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘अठरा-अठराची वाट तू काढलीस, त्यामुळे निर्णय झाला. पुढच्या वेळी सरांना तेच सांगताना “कारण” आणि “म्हणून” वापरून चार वाक्यं बोल.’ नोंदींपैकी तीन मी ठेवते, एक वरची, एक मधली, एक खालची, सोबत गुण आणि दोन ओळींचं कारण. ठेवण्याची परवानगी वेगळी घेते. बाकीच्या निकाल लागल्यावर पुसून टाकते. पुढच्या वर्षी नवे शिक्षक आले की परीक्षेआधी आम्ही त्या तीन नोंदी ऐकायला बसतो.